चौदा लाखांत अहिराणी सिनेमा: पैसे कुठे किती ठेवायचे?

केळीबाग_रावेर
राम राम मंडळी. दीड वर्ष डोक्यात असलेला अहिराणी सिनेमा यंदा करायचाच असं ठरवलंय. पूर्ण लांबीचा, साधारण १०० मिनिटांचा. मुंबईला कामाला गेलेला मुलगा कानबाईच्या रोटांच्या सणाला घरी येतो आणि वावर विकायचा विषय निघतो, अशी घरातलीच गोष्ट आहे. माझे ५ लाख, मेहुण्याचे ५ आणि दोन मित्रांचे मिळून ४, असे १४ लाख जमलेत. यापुढे एक रुपया कुठून येणार नाही हे धरूनच चाललोय.

माझी वाटणी अशी: लेखनाला २० हजार, २० दिवसांच्या शूटिंगला साडेअकरा लाख, एडिटिंग-साउंड वगैरेला दीड लाख, जाहिरातीला जे उरेल ते, म्हणजे ८० हजार. पटकथेत ७८ सीन आहेत, १७ लोकेशन. कलाकार सगळे आपल्याच भागातले, नाटक-तमाशात काम केलेले.

ज्यांनी केलंय त्यांनी सांगा, कुठे चुकतंय?

कपाशीवाला
भाऊ, जाहिरातीला ८० हजार म्हणजे काहीच नाही. मोठे लोक सिनेमा बनवायला जेवढे घालतात तेवढेच दाखवायला घालतात. निम्मे पैसे तिकडे ठेव. लोकांना कळलंच नाही तर सिनेमा चांगला असून काय उपयोग? आणि सेन्सॉर-बिन्सॉरच्या भानगडीत पडू नको, अहिराणीला कोण विचारतं!

वर्षा_धुळे
आमचा गाण्यांचा ग्रुप आहे. एका गाण्याला ५५-६० हजार लागतात: रेकॉर्डिंग १५, नाचणाऱ्या मुली, कपडे, कॅमेरा, एडिटिंग. त्या हिशेबाने १४ लाखांत २३-२४ गाणी होतील आणि चॅनल चांगला उभा राहील. सिनेमाच का करताय?

केळीबाग_रावेर
वर्षाताई, सिनेमाच करायचाय. गाणी नंतर बघू.

तापीकाठ
मी १४ वर्षं पुण्या-मुंबईत लाइन प्रोड्युसरचं काम केलं, आता भुसावळला आहे. भाऊ, वाटणीचं आपण नंतर बोलू. आधी एक करा: शूटिंगचा एक दिवस किती रुपयांचा पडतो ते काढा. तुमचे आकडे आणि या भागातले दर धरून मी अंदाज करतो.

कॅमेरा, लेन्स, डीओपी म्हणजे मुख्य कॅमेरामन आणि त्याचा असिस्टंट मिळून १४ हजार. लाइट, लाइटमन आणि जनरेटर ९ हजार. साउंड रेकॉर्डिस्ट स्वतःचं सामान घेऊन ६ हजार. ३५ माणसांचं दोन वेळचं जेवण, नाश्ता, चहा माणशी २५० धरला तर पावणेनऊ हजार. गाड्या आणि डिझेल ५ हजार. कलाकारांचं मानधन आणि बाकीची माणसं ९ हजार. किरकोळ ३ हजार, आणि हा खर्च रोज होतोच. बेरीज जवळजवळ ५५ हजार.

२० दिवस म्हणजे ११ लाख. तुमचा साडेअकराचा आकडा बरोबरच आहे. पण त्यात कॅमेरा, लाइट, जेवण यांपैकी कशावरही घासाघीस करून फार वाचत नाही. हजार-दोन हजार सुटतात आणि माणसं नाराज होतात. वाचतो तो फक्त दिवस. एक दिवस कमी झाला की ५५ हजार सुटले. आणि दिवस शूटिंगच्या वेळी कमी होत नाहीत, ते कागदावर कमी करावे लागतात. म्हणून लेखनाला ठेवलेले २० हजार मला सगळ्यात जास्त खटकले.

कपाशीवाला
कागदावर दिवस कसे कमी होणार? सीन तेवढेच राहणार ना?

तापीकाठ
सीन तेवढेच राहिले तरी चालतील, लोकेशन तेवढी राहता कामा नयेत. १७ ठिकाणं आहेत. एका जागेवरून सामान उचलून दुसरीकडे लावायला ३५ जणांच्या टीमला किमान अडीच तास लागतात. लाइट उतरवा, वायरी गुंडाळा, टेम्पोत भरा, तिकडे पुन्हा उभं करा. दिवसातून एकदा हललात तरी चांगल्या उजेडाचा एक तुकडा गेला.

एक उदाहरण देतो. समजा तुमच्याकडे एक सीन बँकेत आहे, एक तलाठी कार्यालयात, एक चहाच्या टपरीवर आणि एक पारावर. चारही सीनचं काम एकच, वावराच्या कर्जाची माहिती प्रेक्षकाला देणं. लेखकाने बसून ते चार सीन ओट्यावर एका संध्याकाळच्या भांडणात बसवले तर दीड दिवस सुटला, शिवाय सीनही जास्त रंगेल. पण हे काम लेखकाकडून दोन-तीन खर्डे करून घेतल्याशिवाय होत नाही. २० हजारांत त्याच्याकडून एकच खर्डा मिळणार.

माझ्या अंदाजाने १७ ची ७-८ लोकेशन होतील आणि २० दिवसांचे १३. तेरा दिवसांचे ७ लाख १५ हजार. सव्वाचार लाखांवर रक्कम मोकळी झाली.

पांझरा
तापीकाठ नाना, तेरा दिवसांत ७८ सीन म्हणजे दिवसाला सहा. गावातल्या कलाकारांकडून ते होईल? आमच्याकडे एका सीनला बारा-बारा टेक झाले होते.

तापीकाठ
तालीम केली तर होईल. शूटिंगआधी १५ दिवस एखाद्या मंगल कार्यालयात किंवा शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांना रोज संध्याकाळी बसवा. त्याचा खर्च चहा, पोहे आणि येण्याजाण्याचं भाडं, फार तर २५ हजार. नाटक-तमाशातली माणसं असतील तर पाठांतराची अडचण नाही. त्यांचा आवाज मात्र मोठा असतो, मागच्या रांगेला ऐकू जावं म्हणून बोलायची सवय. ते कॅमेऱ्यासमोर खाली आणायला वेळ लागतो. तो वेळ हॉलमध्ये फुकट आहे, सेटवर ५५ हजार रुपये दिवसाने आहे.

सातपुडा_वारा
यात सरकारी अनुदानाचं कोणी बोलतच नाही. मराठी चित्रपटाला राज्य सरकार लाखांनी पैसे देतं. ते धरून बजेट २५-३० लाखांचं करा की. अनुदान कसं मिळवायचं हाच मूळ प्रश्न असावा असं मला वाटतं.

पांझरा
सातपुडा भाऊ, प्रश्न अनुदानाचा नाही. ते सिनेमा पूर्ण होऊन, सेन्सॉर होऊन, परीक्षण समितीने बघितल्यावर मिळालं तर मिळतं. शूटिंगला त्यातला रुपया येत नाही. आमच्या ओळखीच्या एकाने त्या भरवशावर व्याजाने पैसे उचलले, आज ट्रॅक्टर विकून बसलाय.

सातपुडा_वारा
अहिराणी सिनेमा मराठीत धरतात का, हे तरी कोणी सांगा.

पांझरा
ते गोरेगावच्या चित्रनगरीत जाऊन लेखी विचारावं. तोंडी उत्तरावर जाऊ नका.

मेहरूण_साउंड
मी जळगावला छोटा स्टुडिओ चालवतो. पोस्टला, म्हणजे शूटिंगनंतरच्या एडिटिंग-साउंडच्या कामाला, दीड लाख ठेवलेत त्यावर बोलायचंय, कारण आमच्याकडे लोक येतात ते सगळं बिघडल्यावर.

मागे एक सिनेमा आला होता, नाव घेत नाही. अवकाळीमुळे त्यांचं शूटिंग चार दिवस वाढलं. ते पैसे त्यांनी साउंडमधून उचलले. शेवटचे पाच दिवस रेकॉर्डिस्टच नव्हता, कॅमेऱ्याच्या माइकवरच रेकॉर्ड केलं. सीन विहिरीजवळचा, बाजूच्या वावरात पंपाची मोटर चालू. सेटवर कोणाला जाणवली नाही, कारण मोटरचा आवाज आपल्या कानाला रोजचाच. एडिटवर बसल्यावर कळलं की बापलेकीच्या सगळ्यात महत्त्वाच्या सीनमध्ये घरघर आहे, आणि कट पडला की घरघर तुटते, पुन्हा वेगळ्या सुरात सुरू होते. काढायला गेलो तर बापाचा आवाज डब्यातून आल्यासारखा होतो.

मग म्हणाले डबिंग करू. गावातली माणसं ती. सेटवर रडून सीन केलेला, पण बंद खोलीत हेडफोन लावून, पडद्यावरच्या स्वतःच्या ओठांशी जुळवून तेच वाक्य बोलायचं म्हणजे त्यांना जमेना. व्यावसायिक नट दोन तासांत करतो ते काम अडीच दिवस चाललं, तरी जुळलं नाही. शेवटी तो सीन अर्धा कापला.

म्हणून नवख्या कलाकारांचा सिनेमा असेल तर सेटवरचा आवाज हाच खरा आवाज, डबिंगचा पर्याय आहे असं धरूच नका. रेकॉर्डिस्टचे ६ हजार शेवटच्या दिवसापर्यंत कापू नका. प्रत्येक जागी सीन संपला की सगळ्यांना गप्प उभं करून त्या जागेची नुसती शांतता अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. कट सांधायला तीच उपयोगी येते. आणि शेजारच्या शेतकऱ्याला आदल्या दिवशी भेटून मोटरच्या लाइटची वेळ विचारा. आपल्याकडे शेतीची वीज कधी दिवसा, कधी रात्री असते, त्याप्रमाणे सीन लावा.

खान्देशी_मोबाइल
एवढा कॅमेरा तरी कशाला? आताच्या मोबाइलवर ४के होतं. १४ हजार रोजचे वाचतील.

मेहरूण_साउंड
चित्र येईल, ते नाकारत नाही. अडचण फ्रेम रेटची. मोबाइल आपल्या मनाने उजेडाप्रमाणे फ्रेम कमी-जास्त करतो. वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज त्याला लावला की सुरुवातीला ओठ जुळतात आणि चार-पाच मिनिटांच्या टेकच्या शेवटी सुटतात. सेकंदाला २४ फ्रेम पक्क्या धरणारं अ‍ॅप घालूनच घ्या. कॅमेरा कोणताही असो, ड्रोनसकट सगळं २४ वरच घ्या, कारण थिएटरला जाणारी सिनेमाची डिजिटल प्रत, म्हणजे डीसीपी, २४ वर असते. एकाने मुख्य कॅमेरा २५ वर आणि ड्रोन ३० वर चालवला. डीसीपी करताना ड्रोनचे सगळे शॉट अडखळायला लागले, त्याला इलाज नव्हता.

वर्षा_धुळे
मी आधी गाण्यांचं लिहिलं ते बाजूला ठेवा, पण जेवणाचा अनुभव ऐका. दोन शूटिंगना जेवण आमच्या बचत गटाने दिलंय. आधी ते लोक ढाब्यावरून मागवायचे. दीडचं जेवण अडीचला यायचं आणि तोवर उपाशी माणूस काम करत नाही. आम्ही शूटिंगच्या गावातच चूल मांडली. साडेबाराला भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा, वरण-भात तयार. वीस-वीस माणसांच्या दोन पंगती, पाऊण तासात सगळे मोकळे. माणशी खर्च ढाब्यापेक्षा ४० रुपयांनी कमी आला. आणि रोज तासभर वाचला तो नाना म्हणतात त्या हिशेबात धराच.

तापीकाठ
ताई, लाखातलं बोललात. दहा तासांचा दिवस धरला तर तासाचे साडेपाच हजार होतात.

आता माझी वाटणी लिहितो, यावर वाद घाला. पटकथेचे खर्डे, तालीम, लोकेशन बघणं, करार या सगळ्याला ९० हजार. शूटिंगला ७ लाख २० हजार. पोस्टला २ लाख ९० हजार: त्यात एडिटिंग, कलर, पार्श्वसंगीत, थिएटरच्या स्पीकरवर ऐकून केलेलं मिक्सिंग, सबटायटल, डीसीपी आणि सेन्सॉरची फी. जाहिरात आणि प्रदर्शनाला २ लाख. १ लाख हाताशी, अवकाळीसाठी. बेरीज १४ लाख.

आणि पोस्ट व जाहिरातीचे ४ लाख ९० हजार शूटिंगच्या पहिल्या दिवसाआधी वेगळ्या खात्यात टाका. सही तुमची आणि मेहुण्याची, दोघांची लागेल असं करा. सेटवर संध्याकाळी सहाला दिग्दर्शक म्हणतो, अजून एक दिवस द्या, सिनेमा बदलून जाईल. तो खरंच मनापासून म्हणत असतो. त्या क्षणी पैसे हाताशी असले की जातात. आमच्याकडे असेच गेले होते. चित्र सुंदर आलं आणि सिनेमा आठ महिने हार्ड डिस्कमध्ये पडून राहिला.

कपाशीवाला
जाहिरातीला फक्त दोन? मला अजूनही पटत नाही. आणि सेन्सॉर मध्ये आणलंतच.

तापीकाठ
सेन्सॉरवर तुम्ही अर्धे बरोबर. यूट्यूबवर टाकायचा तर लागत नाही. थिएटरला लावायचा तर भाषा कोणतीही असो, प्रमाणपत्र लागतंच. थिएटरमध्ये दाखवायच्या ट्रेलरलाही वेगळं लागतं. त्याचा परिणाम पटकथेपासून होतो. तुमच्या पटकथेत बैल आहेत का भाऊ? बैलगाडी, पोळा?

केळीबाग_रावेर
पोळ्याचा मोठा सीन आहे. घरचीच बैलजोडी आहे, म्हणून खर्च शून्य धरला होता.

तापीकाठ
बैल घरचे असले तरी प्राण्यांना सीनमध्ये वापरायचं तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी काढावी लागते, आणि सेन्सॉरला जाताना त्यांचं ना-हरकत लागतं. नंतर धावपळ करून ते मिळत नाही, सीन काढायला सांगतात. तसंच बिडी-तंबाखूचं. पात्राने बिडी ओढली की सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर तंबाखूविरोधी जाहिराती, सीन चालू असताना खाली इशारा, हे सगळं आलं. म्हाताऱ्याच्या हातातली बिडी गोष्टीला हवीच असेल तर ठेवा, नुसती सवय म्हणून लिहिली असेल तर लेखकाला आताच काढायला सांगा.

पांझरा
यात करारांचं एक घाला. आमच्या सिनेमाच्या गाण्यांचे हक्क लेखी घेतले, पण मुदत लिहिली नाही. कॉपीराइट कायद्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षंच धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. सहाव्या वर्षी गीतकाराने दावा केला आणि वाहिनीशी चाललेलं आमचं बोलणं तिथेच थांबलं. तो चुकीचा नव्हता. वकिलाला पाच हजार द्यायचे आम्हीच वाचवले होते.

कपाशीवाला
माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.

रिक्षा_भोंगा
मी देतो. चाळीसगाव, पाचोरा, अमळनेर भागात प्रदर्शनाची कामं केलीत. कपाशीवाला भाऊ, शंभर रुपयांचं तिकीट गेलं की कर आणि थिएटरचा वाटा जाऊन आपल्या हातात पंचेचाळीसच्या आसपास पडतात. २ लाखांची जाहिरात फक्त स्वतःचे पैसे फेडायलाच साडेचार हजार तिकिटं मागते. सात लाख घातले तर साडेपंधरा हजार. एवढे शो द्यायला आपल्याकडे पडदे किती? सिनेमा दहा-बारा पडद्यांवर लागणार असेल तर जाहिरातही तेवढ्याच गावांत हवी. बाहेर गेलेला पैसा वाया.

भोंग्याची रिक्षा आठवडे बाजाराच्या दिवशीच फिरवावी, एरवी नको. बाजाराला पंधरा-वीस गावं येतात. गाणं महिनाभर आधी सोडा, वरातीत वाजायला लागलं की वेगळी जाहिरात लागत नाही. आणि सुरतला विसरू नका. उधना, लिंबायत भागात आपली माणसं खच्चून भरलीत, आम्ही तिकडे रविवारचा एक शो लावला तेव्हा इथल्या आठवड्याइतकी गर्दी होती.

जाहिरातीच्या पैशातले १५ हजार मात्र शूटिंगमध्येच खर्च करा, दोन दिवस चांगला फोटोग्राफर बोलवा. पोस्टरला व्हिडिओतून काढलेला फोटो मोठा केला की चेहरा फाटतो. मग लोक नाक्यावरचा फ्लेक्स बघून म्हणतात, हे यूट्यूबवालं असेल.

खान्देशी_मोबाइल
म्हणजे १४ लाख सुटायला एकतीस हजार तिकिटं! त्यापेक्षा यूट्यूबच बरं नाही का?

रिक्षा_भोंगा
यूट्यूबला लगेच टाकला की थिएटरवाला घेत नाही. आधी थिएटर, मग सुरत-कल्याणचे शो, मग यूट्यूब असं मी करतो. पण तिकडून किती येईल यावर मी कोणाला शब्द देत नाही.

वर्षा_धुळे
आमचं उलट मत आहे. अहिराणीचा प्रेक्षक मोबाइलवर आहे. जाहिरातीचे दोन लाख वाचवून त्यात तीन गाणी जास्त करा, तीच जाहिरात आणि तीच कमाई.

केळीबाग_रावेर
सगळ्यांचे मनापासून आभार. आठ दिवस उत्तर दिलं नाही, कारण लेखकाला घेऊन बसलो होतो.

१७ ची ९ लोकेशन झाली. बँक आणि तलाठी गेले, दोन्ही गोष्टी आता ओट्यावरच्या भांडणात येतात. बिडी काढली, म्हाताऱ्याला अडकित्ता दिला आणि सुपारीच ठेवली, तो मधे थांबून कातरतो ते जास्त चांगलं वाटतंय. पोळ्याचा सीन ठेवलाय, परवानगीचा अर्ज करतोय. दिवस १४ येतायत, तेरा काही होईनात. दुसरं खातं परवा उघडलं, दोघांच्या सह्यांचं. मेहुणा आधी म्हणाला विश्वास नाही का, त्याला नानांची पोस्ट वाचून दाखवली.

नाना, एक अडलंय. कपाशीच्या वावरातले पाच सीन आहेत, दोन सुरुवातीला आणि तीन शेवटी. ते पहिल्या आणि बाराव्या दिवशी लावलेत. चालेल का?

तापीकाठ
नाही चालणार. मधे वेचणी झाली की पांढरं वावर काळं पडतं, गोष्टीत मात्र तोच आठवडा चालू आहे. पाचही सीन लागोपाठ दोन दिवसांत घ्या आणि त्या मालकाला तेवढी वेचणी थांबवायचे पैसे द्या. मजूर उशिरा मिळाले तर त्याचं नुकसान होतं, तेही धरा. चौदावा दिवस तिथेच वाचतो का बघा.

केळीबाग_रावेर
वावर चुलत्याचंच आहे. आज संध्याकाळी जाऊन विचारतो.

मेहरूण_साउंड
विचारायला जाल तेव्हा शेजारच्या मोटरचंही विचारून या.